फॉरवर्ड एकच, ३१ मार्चचे आकडे मात्र दोन

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला कास्टिंग्ज पाठवली. बिल १ लाख डॉलरचं, तारीख ३१ जानेवारी, उधारी ३० एप्रिलपर्यंतची. रुपया मधल्या काळात कुठे जाईल याचा भरवसा नको म्हणून मालकाने त्याच दिवशी ३० एप्रिलचे १ लाख डॉलर बँकेला फॉरवर्डने, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, विकून टाकले. स्पॉट, म्हणजे त्या दिवसाचा चालू भाव, होता ८३.०० रुपये, फॉरवर्ड मिळाला ८३.६० ला; मधले ६० पैसे हा प्रीमियम. म्हणजे काहीही झालं तरी हातात ८३ लाख ६० हजार येणार. (दर हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेत; बँकेचं कमिशन बाजूला ठेवलंय.)

हे झालं हेज, म्हणजे भावाच्या चढउतारापासून संरक्षण, आणि मालकाच्या दृष्टीने विषय संपला. अकाउंटंटचा मात्र इथे सुरू होतो, कारण मध्ये ३१ मार्च येतो. त्या दिवशी डॉलर अजून आलेले नसतात, फॉरवर्ड पुरा झालेला नसतो, आणि दोन्हींवरचा नफा-तोटा पुस्तकात दाखवावा लागतो. तो दाखवायच्या दोन रीती आहेत. एक एएस ११ या जुन्या लेखामानकाची, तिला बोलण्यात ‘प्रीमियम पसरवणं’ म्हणतात. दुसरी इंड एएस १०९ या नव्या मानकाची, ती म्हणजे एमटीएम, त्या दिवशीची बाजारातली किंमत लावणं. दोन्हींत तेच शब्द येतात, एकूण उत्तरही तेच येतं, म्हणूनच त्यांची सरमिसळ होते.

येण्याच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायच्या पैशांच्या, बाजूला काहीच वाद नाही, तेव्हा ती आधी उरकून घेऊ. बिलाच्या दिवशी विक्री आणि येणं दोन्ही स्पॉटने, ८३ लाखांना. ३१ मार्चला स्पॉट ८४.२० झाला, येणं ८४ लाख २० हजारांवर आणायचं, १ लाख २० हजार नफा. ३० एप्रिलला स्पॉट ८३.४० वर उतरला. ८० हजार तोटा. एएस ११ असो की परकी चलनाचं इंड एएस २१, इथे एका पैशाचाही फरक पडत नाही. आणि हो, ‘फॉरवर्ड घेतलाच आहे तर विक्रीच ८३.६० ने दाखवू’ हा शॉर्टकट दोन्हीकडे चालत नाही. त्याने ६० हजारांची विक्री उगाच फुगते आणि जो प्रीमियम तीन महिन्यांत मिळायचा तो पहिल्याच दिवशी खिशात घातल्यासारखा होतो.

आता फॉरवर्ड. ८३.०० आणि ८३.६० मधले हे ६० पैसे म्हणजे बँकेचा रुपयाबद्दलचा अंदाज नव्हे. रुपयावरचं व्याज डॉलरवरच्या व्याजापेक्षा जास्त, त्या फरकातून ते निघतात. डॉलर पुढे विकणाऱ्या निर्यातदाराला ते मिळतात, डॉलर पुढे घेणाऱ्या आयातदाराला द्यावे लागतात. एएस ११ ची सगळी रीत या एका समजुतीवर उभी आहे: ६० हजार ही वेळेची मिळकत आहे, तेव्हा ती वेळेनुसारच दाखवा.

म्हणून एएस ११ फॉरवर्डचे दोन तुकडे करतं. पहिला प्रीमियम. तीन महिन्यांचे ६० हजार, त्यातले मार्चअखेरपर्यंत दोन महिने गेले, तेव्हा ४० हजार या वर्षाचं उत्पन्न. उरलेले २० हजार पुढच्या वर्षासाठी ताळेबंदात थांबतात. (दिवसांवर काढलं तर थोडं इकडेतिकडे होईल.) दुसरा तुकडा विनिमय फरकाचा, आणि तो मोजायचा *स्पॉट ते स्पॉट*. डॉलर विकलेले आहेत, स्पॉट ८३.०० वरून ८४.२० वर गेला, म्हणजे फॉरवर्डवर १ लाख २० हजारांचा तोटा. एप्रिलमध्ये स्पॉट खाली आल्यावर ८० हजारांचा नफा. येण्यावरचा फरक आणि हा फरक एकमेकांना तंतोतंत खातात, कारण दोन्ही एकाच मापाने मोजलेत. पुस्तकात शिल्लक राहतो फक्त प्रीमियम: मार्चपर्यंत ४० हजार, एप्रिलमध्ये २० हजार.

इंड एएस १०९ असे तुकडे करत नाही. तिथे फॉरवर्ड हे एक डेरिव्हेटिव्ह, म्हणजे डॉलरच्या भावावर ज्याची किंमत ठरते असा करार. पहिल्या दिवशी त्याची किंमत शून्य, आणि पुढे प्रत्येक ताळेबंदाच्या दिवशी त्याची बाजारातली किंमत लावायची. ती लावताना स्पॉट कामाचा नाही. विचारायचा प्रश्न असा: आज, ३१ मार्चला, ३० एप्रिलसाठी डॉलर विकायला गेलो तर काय भाव मिळेल? समजा ८४.५० मिळतोय. आपण ८३.६० ला बांधले गेलोय. डॉलरमागे ९० पैसे, म्हणजे ९० हजारांचा तोटा, आणि ताळेबंदात तेवढी देणी. (काटेकोर बघितलं तर हे ९० हजार महिन्याभरानंतरचे, म्हणून आजच्या किमतीला आणायचे, ७ टक्क्यांनी पाचशेच्या आसपास फरक पडतो. इथे तो सोडून देतोय.) ३० एप्रिलला स्पॉट ८३.४०, आपला भाव ८३.६०, म्हणजे फॉरवर्ड २० हजारांनी फायद्यात. उणे ९० वरून अधिक २० वर, एप्रिलचा नफा १ लाख १० हजार.

दोन्ही रीतींचा निव्वळ परिणाम, येणं आणि फॉरवर्ड मिळून, असा दिसतो:

| | ३१ मार्चपर्यंत | एप्रिल | एकूण |
|---|---|---|---|
| एएस ११ | ४०,००० | २०,००० | ६०,००० |
| इंड एएस १०९ | ३०,००० | ३०,००० | ६०,००० |

मार्चमधला १० हजारांचा फरक कुठून आला? रुपया-डॉलरच्या भावातून नाही. ३१ मार्चला एएस ११ च्या पुस्तकात एप्रिल महिन्याचा प्रीमियम २० पैसे उरलाय, कारण तो जानेवारीत ठरला आणि समान हप्त्यांत वाटला गेला. बाजारात मात्र त्या दिवशी एका महिन्याचा प्रीमियम ३० पैसे आहे: ८४.५० वजा ८४.२०. हे १० पैसे गुणिले १ लाख डॉलर, झाले १० हजार. एएस ११ जुन्याच प्रीमियमवर ठाम राहतं, इंड एएस नवा प्रीमियम पाहतं. दोन्ही रीतींतला सगळा भेद या एका ओळीत आहे. त्या दिवशी बाजारातला प्रीमियमही नेमका २० पैसे असता तर दोन्ही आकडे जुळले असते, आणि मग शिकाऊ मुलांना वाटतं की दोन्ही एकच.

इंड एएसवाल्यांकडून हमखास येणारी तक्रार म्हणजे ‘हेज पूर्ण आहे, मग येण्यावर १ लाख २० हजार नफा आणि फॉरवर्डवर फक्त ९० हजार तोटा कसा?’ येणं स्पॉटने मोजलंय, फॉरवर्ड फॉरवर्डच्या दराने. मापंच वेगळी, मग ते बरोब्बर कसे कटणार? यात हेज फसलेलं नाही. आणि एवढ्यासाठी हेज अकाउंटिंगची कागदपत्रं रंगवत बसायचीही गरज नसते, असं माझं मत. येणं आधीच पुस्तकात आहे, दोन्ही बाजूंचे फरक नफा-तोटा पत्रकातच जातात, बहुतेक भाग आपोआप कटतो.

खरी चूक होते ती दोन्ही रीती एकत्र कालवल्याने. वर्षअखेरीला बँकेकडून एमटीएमचा कागद येतो, त्यावर उणे ९० हजार लिहिलेलं असतं. एएस ११ पाळणाऱ्या फर्ममध्ये कोणीतरी तो तोटा घेतं, आणि सवयीने ४० हजारांचा प्रीमियमही उत्पन्नात टाकतं. मग मार्चचा निव्वळ परिणाम होतो १ लाख २० हजार, वजा ९० हजार, अधिक ४० हजार, म्हणजे ७० हजार. प्रीमियमचा काही भाग दोनदा आला, कारण ८३.६० शी तुलना करून काढलेल्या ९० हजारांत तो आधीच धरलेला असतो. गोंधळाला एएस ११ चाही थोडा हातभार आहे: त्यातच सट्ट्यासाठी किंवा ट्रेडिंगसाठी घेतलेल्या फॉरवर्डला उरलेल्या मुदतीच्या फॉरवर्ड दराने मोजायला सांगितलंय, आणि तिथे प्रीमियम वेगळा दाखवायचा नाही असंही स्पष्ट म्हटलंय. आपलं हेज त्यात बसत नाही.

ही चूक पकडायला एक ताळा पुरतो. बिल आणि फॉरवर्ड एकाच दिवशीचे असतील तर दोन्हींचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा निव्वळ परिणाम म्हणजे फॉरवर्डचा दर वजा त्या दिवशीचा स्पॉट, गुणिले डॉलर. आपल्या बाबतीत ६० हजार. यापेक्षा जास्त झालं तर प्रीमियम दोनदा घेतलाय. शून्य आलं तर बहुधा तो विक्रीत लपलाय.

गिऱ्हाइकाने ३० एप्रिलला पैसे पाठवलेच नाहीत तर? बँक फॉरवर्ड रद्द करते आणि ८३.६० व त्या दिवशीच्या तिच्या विक्रीदरातला फरक देते किंवा घेते. तो त्याच काळाच्या नफा-तोट्यात. येणं मात्र आता उघडं पडलं, ते ८३.४० वर आहे. नवा फॉरवर्ड घेतला की नवा दर, नवा प्रीमियम. जुना ८३.६० पुढे ओढत नेणं चुकीचं.

कोणाला कुठली रीत हे आपण निवडायचं नसतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या (एसएमई मंच वगळून), २५० कोटी किंवा जास्त नेटवर्थच्या कंपन्या आणि त्यांच्या गटातल्या कंपन्या यांना इंड एएस. बाकीच्या फाउंड्रींना एएस ११. मात्र ऑर्डर हातात आहे, बिल अजून झालेलं नाही आणि फॉरवर्ड आधीच घेतला, तर एएस ११ ची ही प्रीमियमची रीत लागू होत नाही. त्यासाठी सीएंची संस्था आयसीएआय हिची २०१५ ची डेरिव्हेटिव्हवरची गाइडन्स नोट आहे.

आयकराच्या हिशेबात मात्र मोठ्या कंपन्यांनाही जुन्या वाटेने यावं लागतं. बिलावर घेतलेल्या हेजसाठी आयकराचं स्वतःचं हिशेबमानक आयसीडीएस ६ प्रीमियम मुदतीवर पसरवायलाच सांगतं, एएस ११ सारखं. म्हणजे आपली फाउंड्री इंड एएसमध्ये असती तर पुस्तकात ३० हजार, करासाठी ४० हजार. या वर्षी १० हजार मिळवायचे, पुढच्या वर्षी तेच वजा करायचे, आणि मधल्या ३१ मार्चला त्या १० हजारांवर डिफर्ड टॅक्स ॲसेट, म्हणजे आधी भरलेल्या कराची पुढे मिळणारी सूट, उभा करायचा.