आंबील: बाळासाठी उकळलेली, मोठ्यांसाठी न उकळलेली

आमच्याकडून आंबवलेले नाचणीचे ओले पीठ नेणाऱ्या ग्राहकांचे जे फोन येतात, त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच गोंधळातून आलेले असतात. घरातील मोठी माणसे ताक घातलेली आंबील पुन्हा चुलीवर ठेवून खदखदून उकळतात आणि मग ‘यातले जिवाणू पोटाला चांगले ना?’ असे विचारतात. त्याच घरात आजोबांच्या पेल्यात उरलेली गार आंबील मात्र नऊ महिन्यांच्या बाळाला चमच्याने भरवली जाते. जिथे उकळायला नको तिथे उकळले जाते आणि जिथे उकळलेच पाहिजे तिथे उकळले जात नाही. ही अदलाबदल टळावी, एवढ्यासाठी हे पत्रक पिशवीसोबत देत आहोत.

प्रथम पिशवीत काय आहे ते सांगतो. अर्धा किलोच्या पिशवीत साधारण दोनशे ग्रॅम नाचणीचे पीठ असते, बाकी पाणी. हे पीठ आम्ही उन्हाळ्यात आठ-दहा तास आणि थंडीत चौदा ते अठरा तास आंबवतो. या काळात धान्यावरच असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात, घोळाला बुडबुडे येतात आणि इडलीच्या पिठासारखा आंबूस वास सुटतो. आंबटपणाचा पीएच आम्ही कागदी पट्टीने तपासतो आणि तो 4.5 च्या खाली उतरल्याशिवाय पिशवी भरत नाही, कारण एवढ्या आंबट घोळात रोग पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ होत नाही. त्यानंतर पीठ लगेच थंड केले जाते. म्हणूनच आमची पिशवी फ्रीजमधून दिली जाते आणि तिची मुदत चारच दिवसांची असते. ‘एवढी कमी का?’ असे अनेक जण विचारतात. पीठ फ्रीजमध्येही हळूहळू आंबट होत राहते, आणि ते थांबवायचे म्हणजे तापवून जिवाणू मारायचे किंवा परिरक्षक घालायचे. आम्ही दोन्ही करत नाही.

हे पीठ कच्चे खाऊ नये. त्यात जिवाणू जिवंत असतात हे खरे, पण कच्चे पीठ पचायला जड असते आणि धान्याबरोबर आलेला सगळाच दोष आंबवण्याने जातो असे नाही. पीठ शिजवावेच लागते, आणि शिजवताना साठ-पासष्ट अंशांच्या पुढे आंबवणारे जिवाणू मरतात. येथेच ग्राहकांची निराशा होते, कारण त्यांनी जिवाणूंसाठीच पीठ घेतलेले असते. परंतु आंबवण्याचा मोठा फायदा उकळल्याने जात नाही. नाचणीतील लोह आणि कॅल्शियम फायटिक आम्ल नावाच्या घटकाशी बांधलेले असते. आंबवताना ते आम्ल काही अंशी तुटते आणि खनिजे शरीराला घेता येतील अशी मोकळी होतात. हे काम पीठ चुलीवर जाण्यापूर्वीच झालेले असते. आंबवल्याने कॅल्शियम वाढते, असे मात्र कोणी सांगितले तर मानू नये. जेवढे आहे तेवढेच राहते, त्यातील अधिक भाग उपयोगी पडतो इतकेच.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द आम्ही पिशवीवर का छापत नाही, हेही येथेच सांगतो. पुरेशा संख्येने घेतले असता आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये त्याची व्याख्या केली. आपल्याकडील अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी प्रोबायोटिक अन्नातील जिवाणूंच्या जाती ठरवल्या आणि रोजच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणूंची अट घातली. आमच्या पिठात कोणती जात किती संख्येने आहे हे पिशवीगणिक बदलते, आणि शिजवल्यावर तर ती संख्या उरतच नाही. तेव्हा तो शब्द छापणे ग्राहकाची फसवणूक ठरली असती.

जिवंत जिवाणू हवेच असतील तर ते शिजवल्यानंतर घालावे लागतात, आणि आपल्याकडे आंबिलीत ताक घालतात ते याच टप्प्यावर. तमिळनाडूतील ‘कूळ’ ही अशीच नाचणीची आंबील तर शिजवल्यावर पुन्हा रात्रभर ठेवतात आणि सकाळी ताक किंवा पाणी घालून पातळ करतात. मोठ्यांसाठी कृती अशी करावी. चार मोठे चमचे, म्हणजे साधारण साठ ग्रॅम पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवावे. दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते धारेने सोडावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत शिजवावे. कच्च्या पिठाचा वास जाऊन आंबिलीला चकाकी आली की ती शिजली. मग पातेले उतरवून थांबावे. पातेल्याच्या बुडाला हात सहज टेकवून ठेवता येईल इतकी आंबील निवली, की मगच त्यात वाटीभर ताजे ताक, मीठ, जिऱ्याची पूड आणि ठेचलेली लसूण घालावी. त्यानंतर ती पुन्हा तापवू नये.

गेल्या उन्हाळ्यात एका ताईंनी आंबील फाटल्याची तक्रार केली आणि पिशवी बदलून मागितली. वर निळसर पाणी आणि खाली चिकट गुठळ्या, असे त्यांनी वर्णन केले. विचारता कळले, की त्यांनी चुलीवर रटरटणाऱ्या आंबिलीतच ताक ओतले होते. पीठ उत्तम होते, फाटले होते ते ताक, आणि त्यातील जिवाणूही त्याच क्षणी गेले होते. आम्ही पिशवी बदलून दिली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी निवल्यावर ताक घातले, तेव्हा त्याच जुन्या पिशवीतील उरलेल्या पिठाची आंबील एकसारखी झाली. गार आंबील सोसत नसेल तर पेला कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवावा, गॅसवर ठेवू नये.

आता बाळाविषयी. सहा महिने पूर्ण झाल्यावर, आणि आईचे दूध चालू ठेवूनच, आंबील सुरू करावी. ती दुधाऐवजी नसून दुधाच्या जोडीला आहे. बाळाला ताक घातलेली आणि मोठ्यांसाठी करून ठेवलेली आंबील देऊ नये. दोन कारणे आहेत. घरच्या ताकात कोणते जिवाणू आहेत हे ठाऊक नसते आणि ते ताक पुन्हा उकळले जात नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: ती फार पातळ असते. वरच्या कृतीने पाचशे मिलिलिटरच्या आसपास आंबील होते आणि तिच्यात ताकासह जेमतेम शंभर-सव्वाशे कॅलरी असतात. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी अंदाजे दोनशे चाळीस मिलिलिटरच मावते. तेवढी आंबील प्यायली की पोट भरते, पण मिळतात पन्नास-साठ कॅलरी. नऊ ते अकरा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे तीनशे कॅलरी लागतात. ‘पोटभर आंबील घेते, तरी वजन वाढत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हाच हिशेब असतो.

नुसते पाणी कमी करून भागत नाही, कारण मग नाचणी पिठल्यासारखी घट्ट होते आणि बाळ ती गिळत नाही. यासाठीच प्रत्येक पिशवीसोबत आम्ही मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची छोटी पुडी विनामूल्य देतो. मोड येताना दाण्यात तयार होणारे अमायलेझ हे विकर शिजलेल्या पिठाची खळ तोडते, त्यामुळे पाणी न वाढवता आंबील सैल होते. साठ ग्रॅम ओले पीठ एक वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर आठ मिनिटे शिजवावे. खाली उतरवून उकळी थांबली आणि वाफ ओसरली, की अर्धा चहाचा चमचा मोडाचे पीठ थोड्या पाण्यात कालवून त्यात ढवळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. उकळत्यात घातल्यास विकर मरते आणि पुडीचा उपयोग होत नाही. दहा मिनिटांत घट्ट गोळा पळीवरून ओघळू लागतो, हे प्रथमच पाहणाऱ्यांना फार नवल वाटते. त्यानंतर पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळावे, कारण मोड आणताना त्या पिठातही जिवाणू वाढलेले असतात. शेवटी एक छोटा चमचा तूप घालावे. दोनशे ग्रॅमच्या आसपास झालेल्या या आंबिलीत सव्वाशे ते एकशे तीस कॅलरी भरतात, म्हणजे तेवढ्याच घासांत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. वर्षाच्या आतील बाळाला मीठ, साखर आणि मध घालू नये. पहिले काही दिवस चमचा-दोन चमचेच द्यावेत. उरलेली आंबील संध्याकाळसाठी ठेवू नये, कारण शिजण्यात टिकून राहणारे काही जिवाणू कोमट अन्नात पुन्हा वाढू शकतात. बाळाला जुलाब झाले असतील तर आंबिलीने थांबतील या भरवशावर राहू नये, जलसंजीवनी सुरू करून डॉक्टरांना दाखवावे.

थकव्यासाठी आंबील घेणाऱ्यांनाही आम्ही स्पष्ट सांगतो. उन्हातून आल्यावर मीठ-ताकाच्या आंबिलीने तरतरी येते, कारण एका पेल्यात पाणी, मीठ आणि पिष्ट मिळते. पण महिनोन्‌महिने थकवा असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. एका वेळच्या आंबिलीतून लोह मिळते जेमतेम एक मिलिग्रॅम, आणि भारतीय प्रौढ स्त्रीसाठी शिफारस आहे दिवसाला 29 मिलिग्रॅमची. आंबील त्यात भर घालते, ती तूट भरून काढत नाही. आंबवलेल्या नाचणीतून बी-12 जीवनसत्त्व मिळते असा समजही खरा नाही. मधुमेह असलेल्यांनी आंबील हे पिष्ट आहे हे लक्षात घेऊन तेवढी भाकरी किंवा भात कमी करावा. आंबिलीत लिंबू पिळल्यास लोह शोषायला मदत होते, तर लगेच चहा घेतल्यास अडथळा येतो.

पिशवी उघडल्यावर वर राखाडी पाणी दिसणे, थोडे फुगणे आणि आंबूस वास येणे ठीक आहे. गुलाबी, नारिंगी किंवा काळपट-हिरवा डाग, लोकरीसारखी बुरशी किंवा कुजका वास आढळल्यास वरचा भाग काढून उरलेले वापरू नये, सगळे टाकावे. बुरशीचे काही विष उकळूनही जात नाही. अशी पिशवी आम्ही कोणतीही शंका न घेता बदलून देतो. त्यासाठी पिशवीवरील तारखेचा आणि तुकडी-क्रमांकाचा फोटो पाठवावा, आणि तक्रार आंबील फाटण्याची असेल तर ताक किती वेळाने घातले तेवढे कळवावे.