जुनी गाडी घेण्याआधी विक्रेत्याकडे सर्व्हिस रेकॉर्ड मागणारा ईमेल: कोणी मागावे, काय मागावे आणि उत्तर कसे तपासावे

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर पूर्वी एखादा इशाऱ्याचा दिवा लागत होता, असे जाहिरातीतून किंवा बोलण्यातून कळले, तर त्या बिघाडाची आणि दुरुस्तीची कागदपत्रे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी मागवावीत. ही मागणी फोनवर न करता ईमेलने करण्याचे कारण असे, की विक्रेत्याने बिघाडाबद्दल काय सांगितले होते याची तारखेसह नोंद त्यातून दोघांकडेही राहते.

अशी मागणी गाडी घेऊ इच्छिणारी कोणतीही व्यक्ती करू शकते. मात्र ती विक्रेत्याकडेच करावी लागते, कारण सर्व्हिस सेंटर आपल्याकडील नोंदी सहसा गाडीच्या नोंदणीकृत मालकालाच देते. तुम्ही चासी नंबर घेऊन परस्पर काउंटरवर गेलात, तर बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागेल. म्हणून मालकाने स्वतः नोंदी काढून पाठवाव्यात किंवा तुम्हाला त्या देण्यास आपली हरकत नाही असे सर्व्हिस सेंटरला लेखी कळवावे, असे दोन्ही पर्याय ईमेलमध्येच सुचवावेत. विक्रेता गाड्यांचा व्यापारी असेल, तर त्याच्याकडे आधीच्या मालकाचे कागद अपुरे असण्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी ताब्यात घेताना त्याने स्वतः केलेल्या तपासणीचा अहवालही मागावा.

‘सगळे सर्व्हिस रेकॉर्ड पाठवा’ असे मोघम लिहिले, की ऑइल बदलल्याची चार बिले येतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. त्यापेक्षा एका दिव्याबद्दल, एका दुरुस्तीबद्दल नेमके विचारावे. उदाहरणार्थ, विक्रेत्याने सांगितले आहे की चेक इंजिनचा दिवा लागत होता, स्कॅनरवर दिसलेला बिघाडाचा कोड P0420 होता आणि सेन्सर बदलल्यावर काम झाले. या कोडचा अर्थ असा, की एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणारा भाग, अपेक्षेइतके काम करत नाही, असे इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटते. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन सेन्सर असतात आणि मागच्या सेन्सरच्या संकेतावरून हा निष्कर्ष काढला जातो. त्यामुळे दोष खुद्द सेन्सरचा, एक्झॉस्टमधील गळतीचा किंवा कन्व्हर्टरचा, यांपैकी कोणाचाही असू शकतो. सेन्सर बदलून कोड पुसला की दिवा विझतो. पण कन्व्हर्टरच निकामी असेल, तर कॉम्प्युटरने पुन्हा चाचणी घेईपर्यंतच तो विझलेला राहतो. नेमक्या याच दिवसांत गाडी विकायला निघालेली असू शकते.

ईमेलचा मसुदा असा ठेवता येईल:

विषय: आपल्या गाडीतील चेक इंजिन दिव्याच्या दुरुस्तीची कागदपत्रे मिळण्याबाबत

महोदय,

आपली गाडी घेण्याबाबत आपले बोलणे झाले. चेक इंजिनचा दिवा पूर्वी लागत होता आणि सेन्सर बदलून तो दोष दूर झाला, असे आपण सांगितले होते. व्यवहार ठरवण्यापूर्वी त्या दुरुस्तीसंबंधी पुढील कागद मला पाहावयाचे आहेत: गाडी दाखल करताना केलेले जॉब कार्ड, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट, आणि बदललेल्या भागाचा पार्ट नंबर, तारीख व किलोमीटर रीडिंग असलेले बिल. दिवा पहिल्यांदा केव्हा लागला, दुरुस्तीनंतर पुन्हा लागला का आणि अलीकडे बॅटरी काढली होती का, हेही कृपया कळवावे. त्या दुरुस्तीपूर्वी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल किंवा इंजिन ऑइल कमी होण्यासंबंधी काही काम झाले असल्यास त्याची बिले जोडावीत.

कागदांवरील आपला पत्ता व फोन नंबर झाकून पाठवला तरी चालेल. चासी नंबर मात्र दिसू द्यावा. कागद उपलब्ध नसल्यास तसे कळवावे आणि माझ्या मेकॅनिककडून आपल्यासमोर गाडी स्कॅन करून घेण्यास परवानगी द्यावी.

आपला विश्वासू,

मसुद्यातील जॉब कार्डाची मागणी कधीही गाळू नये. बिलावर काय बदलले एवढेच असते, तर ग्राहकाची तक्रार आणि मेकॅनिकला काय आढळले हे बहुधा जॉब कार्डावर सापडते. ‘पिकअप कमी, इंजिन थरथरते, दिवा लुकलुकतो’ अशी तक्रार तेथे असेल, तर प्रकरण सेन्सरपुरते नाही. लुकलुकणारा चेक इंजिन दिवा बहुतेक गाड्यांत गंभीर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे, दाखवतो. मिसफायरमध्ये न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कन्व्हर्टर तापवते आणि खराब करते. स्पार्क प्लग आणि कॉइलची जुनी बिले मागण्याचा हेतू हाच आहे. मूळ मिसफायर दूर झाला नसेल, तर नवा कन्व्हर्टरही फार टिकणार नाही.

कागद आल्यावर प्रथम सगळ्यांवरील चासी नंबर एकच आहे का ते पाहावे आणि मग तारखांसोबत किलोमीटरचे आकडे चढत्या क्रमाने जातात का ते तपासावे. स्कॅन रिपोर्टमध्ये फक्त ‘कोड नाही’ असे असेल, तर त्यावर विसंबू नये. त्याच रिपोर्टमध्ये रेडिनेस मॉनिटरची स्थिती, म्हणजे कॉम्प्युटरच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या हे, असते; कॅटॅलिस्टचा, म्हणजे कन्व्हर्टरचा, मॉनिटर अपूर्ण असेल, तर कोड पुसल्यानंतर कॉम्प्युटरने ती चाचणी अजून पूर्ण केलेली नाही, एवढेच सिद्ध होते. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून झालेले अंतरही वाचता येते. बिल 78,400 किलोमीटरचे, मीटरवर आज 84,600 आणि कोड पुसल्यापासूनचे अंतर 38 किलोमीटर, असे दिसले तर दुरुस्तीनंतरच्या 6,200 किलोमीटरमध्ये कधीतरी, आणि तेही अगदी अलीकडे, कोड पुन्हा पुसले गेले आहेत. बॅटरी काढल्यानेही हा आकडा शून्यावर येऊ शकतो, म्हणून ईमेलमध्ये बॅटरीचा प्रश्न होता. विक्रेत्याने ‘नाही’ असे लेखी दिले असेल, तर या 38 किलोमीटरचे स्पष्टीकरण त्याच्याकडे मागता येते. अनेक नव्या गाड्यांत पर्मनंट कोड वेगळे साठवले जातात. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत. संबंधित चाचणी पार पडल्यावर कॉम्प्युटर स्वतःच ते काढतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात बाहेरच्या गॅरेजमध्ये झालेले काम नसते. त्यामुळे तेथील नोंदीत बिघाड नाही म्हणजे बिघाड झालाच नाही, असे ठरत नाही. छोट्या गॅरेजने जॉब कार्ड केलेच नसेल, तर सुट्या भागाचे दुकानाचे बिल आणि पैसे दिल्याची नोंद यांवर समाधान मानावे लागते. प्रामाणिक मालकाकडेही कित्येकदा एवढेच असते. एअरबॅगच्या दिव्याच्या बाबतीत मात्र अशी सवलत देऊ नये. तेथे एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलचा स्कॅन रिपोर्ट आणि बदललेल्या भागांचे बिल दोन्ही हवेत, आणि गाडी पाहताना इग्निशन चालू केल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझतो का, हे स्वतः पाहावे. तो लागतच नसेल, तर दिवा किंवा त्याची जोडणी काढून टाकलेली असू शकते आणि मग पाठवलेल्या कागदांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न नव्याने उभा राहतो.