लाल सिरम आणि अर्धवट निळा बल्ब

वॉर्डमधील सर्व सिस्टर, ब्रदर आणि इंटर्न डॉक्टरांना,

सस्नेह नमस्कार.

"आत्ताच तर सँपल पाठवलं, परत कशाला मागता?" असा फोन लॅबला रोज येतो. नस सापडत नसलेल्या पेशंटला पुन्हा टोचायचं आणि नातेवाईकांची बोलणी खायची ती तुम्ही, त्यामुळे हा राग समजतो. पण सँपल परत का येतं, हे तुम्हाला नीट सांगायला हवं.

आधी हिमोलाइज्ड सँपलबद्दल. बल्ब वॉर्डातून निघतो तेव्हा रक्त ठीकच दिसतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर पेशी खाली बसतात आणि वरचं सिरम पिवळसर असायच्या ऐवजी लालसर निघतं. म्हणजे लाल पेशी फुटल्या आहेत. पोटॅशियम सिरममध्ये लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असतं, पेशींच्या आत मात्र १००च्या वर. शंभरातली एक पेशी फुटली तरी सिरमचं पोटॅशियम पाऊण मिलिमोलच्या आसपास वाढतं. एलडीएच आणि एसजीओटीही चढतात.

समजा, जुलाबांनी थकलेला एक पेशंट आहे आणि त्याचं खरं पोटॅशियम २.९ आहे. सँपलमध्ये दीड टक्का पेशी फुटल्या, तर मशीन ४.१ दाखवेल. रिपोर्ट नॉर्मल, पोटॅशियम चढवायची गरज नाही, आणि त्याच्या हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. खोटं ६.८ आलं तर निदान कोणीतरी ईसीजी काढून बघतं. खोट्या ४.१कडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, म्हणून मला भीती त्याचीच जास्त वाटते.

"लालसरपणा बघून थोडं वजा करा ना," असंही सुचवलं जातं. पेशी किती फुटल्या याचा अंदाज मशीन देतं, पण तेवढ्या लालीमागे पोटॅशियम किती सुटलं हे सँपलगणिक बदलतं. वजाबाकी करून छापलेला आकडा म्हणजे आमचा अंदाज, पेशंटचा रिपोर्ट नव्हे.

पेशी फुटतात त्या बहुतेकदा रक्त काढताना. बारीक सुईतून पिस्टन जोरात ओढणं, मग तीच सुई बल्बच्या बुचात खुपसून दाबणं, स्पिरिट वाळण्याआधी टोचणं, टूर्निके मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवणं, बल्ब खळाखळा हलवणं. सलाईनच्या व्हेनफ्लॉनमधून घेतलेलं रक्त तर फार वेळा लाल येतं. बल्ब हलके पाच-सहा वेळा उलटासुलटा केला की पुरे.

आता निळा बल्ब. त्यात ०.३ मिली सायट्रेट आधीच असतं आणि रेषेपर्यंत २.७ मिली रक्त यायला हवं, म्हणजे नऊला एक. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून गुठळी होत नाही. पीटी करताना आम्ही ठरावीक कॅल्शियम घालतो आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतो. तुम्ही १.५ मिलीच रक्त घातलंत, तर प्रमाण पाचाला एक होतं. शिल्लक सायट्रेट आमचं कॅल्शियमही गिळतं, शिवाय प्लाझ्मा पातळ होतो. पीटी आणि एपीटीटी लांबतात, आयएनआर चढतो. वॉरफरिनवरच्या पेशंटचा डोस अशा आयएनआरवरून कमी झाला, तर कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणून बल्ब ९० टक्क्यांहून कमी भरला असेल, तर आम्ही तो लावत नाही.

बटरफ्लायने काढत असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. नळीतली हवा पहिल्या बल्बमधली पोकळी खाते आणि तो हमखास कमी भरतो. त्यामुळे निळा पहिला असेल, तर त्याआधी एक निळा बल्ब नुसता हवेसाठी लावून टाकून द्या. त्यासाठी साधा लाल नको, त्यातलं क्लॉट ॲक्टिव्हेटर पुढे निळ्यात जाऊ शकतं. रक्त मिळतच नसेल तर १.८ मिलीचे छोटे निळे बल्ब आमच्याकडून मागून घ्या. जांभळ्या बल्बातलं रक्त ओतून दुसरा बल्ब मात्र कधीच भरू नका. त्यात पोटॅशियमचंच ईडीटीए असतं. पोटॅशियम अफाट आणि कॅल्शियम जवळपास नाहीसं, असा रिपोर्ट आला की आम्हाला लगेच कळतं.

आणखी एक. दुसऱ्या हातातून, सावकाश घेतलेलं सँपलही लाल आलं, तर ते आम्ही नुसतं नाकारणार नाही, डॉक्टरांना फोन करू. रक्त चढवल्यानंतरची रिॲक्शन किंवा मलेरिया अशा कारणांनी पेशी शरीरातच फुटत असू शकतात. त्या पेशंटला नुकतंच रक्त लावलं असेल, तर फॉर्मवर तसं ठळक लिहा, आणि पिशवी अजून चालू असेल तर ती थांबवून डॉक्टरांना लगेच बोलवा.

आपली,
लॅब इनचार्ज