मराठी ओटीटी पॅक बंद करायचाय, पण इंटरनेट सुरू ठेवायचंय? अर्ज असा करा

ब्रॉडबँडसोबत आलेला मराठी ओटीटी पॅक घरात कोणी बघत नसेल तर तो काढता येतो. पण ‘प्लॅन बंद करा’ एवढंच सांगितलंत तर कस्टमर केअर बऱ्याचदा संपूर्ण जोडणी तोडण्याचा अर्ज नोंदवून ठेवतं. राउटर न्यायला कधी येऊ, असा फोन आला की समजावं, नोंद चुकली आहे. तो अर्ज त्याच दिवशी रद्द करून घ्या.

आधी बिल बघा. ओटीटीची रक्कम वेगळ्या ओळीत असेल तर तो अ‍ॅड-ऑन आहे आणि तेवढाच काढता येतो. समजा डिचोलीतल्या एका घराचा प्लॅन ५९९ रुपयांचा आणि ओटीटी ९९ रुपयांचा आहे. १८ टक्के जीएसटी धरून बिल ८२३.६४ रुपये होतं. अ‍ॅड-ऑन काढल्यावर ते ७०६.८२ वर यायला हवं. तसं आलं नाही तर पॅक सुरूच आहे. वेगळी ओळच नसेल तर ओटीटी प्लॅनमध्येच धरलेला असतो. मग त्याच स्पीडचा ओटीटीविना प्लॅन मागून प्लॅन बदलून घ्यावा लागतो. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर हा बदल बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच होतो.

अर्ज ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यानेच करायचा. आपल्याकडे खरी अडचण इथे येते: जोडणी बोटीवर किंवा आखातात असलेल्या मुलाच्या नावावर, आणि ओटीपी जातो त्याच्या नंबरवर. त्याच्याकडून नोंदणीकृत ईमेलवरून अर्ज पाठवून घ्या, किंवा त्याचं सहीचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती घेऊन ऑपरेटरच्या कार्यालयात जा. शिवाय ग्राहक क्रमांक आणि ताजं बिल जवळ असू द्या.

अर्जात हे वाक्य असू द्या: ‘माझी ब्रॉडबँड जोडणी आहे तशीच सुरू ठेवून फक्त ओटीटी अ‍ॅड-ऑन पुढील बिलापासून बंद करावा.’ बिलाची तारीख उलटण्याआधी अर्ज द्या, कारण चालू महिन्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकल्याने पॅक बंद होत नाही. ऑपरेटरमार्फत घेतलेला पॅक ऑपरेटरकडूनच बंद होतो. तोच ओटीटी कधी थेटही घेतला असेल तर यूपीआय अ‍ॅपमधला ऑटोपे वेगळा रद्द करावा लागतो.

पुढच्या बिलात रक्कम पुन्हा आली तर तक्रार क्रमांक देऊन ऑपरेटरच्या अपील अधिकाऱ्याकडे लेखी जा. संमतीविना पॅक जोडला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. न विचारता बिलात वस्तू घुसडणं २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रथा ठरते.