६० मीटरवरचा माणूस लायडरला कसा दिसतो, कॅमेऱ्याला कसा?

आमच्याकडे सेन्सर बसवून घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक विचारतात की काही स्वयंचलित गाड्यांवर लायडर असतो, मग काही फक्त कॅमेऱ्यांवर कशा चालतात? एकच प्रसंग घेऊन सांगतो: गाडीसमोर ६० मीटरवर एक माणूस उभा आहे.

लायडर लेझरचा अतिशय छोटा झोत सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे जाऊन-येऊन १२० मीटरच्या या प्रवासाला साधारण ४०० नॅनोसेकंद लागतात. झोत कोणत्या दिशेला सोडला हे माहीत असतंच. दिशा आणि अंतर मिळालं की अवकाशातला एक बिंदू पक्का होतो. असे लाखो बिंदू दर सेकंदाला जमा होतात आणि त्यांतूनच त्रिमितीय नकाशा उभा राहतो.

पण बिंदू दूरवर विरळ होत जातात. शेजारच्या झोतांमध्ये आडवं ०.२ अंश आणि उभं ०.४ अंश अंतर असेल, तर ६० मीटरवरच्या माणसावर जेमतेम दहा-बारा बिंदू पडतात. ३० मीटरवर तेच चाळीसच्या आसपास होतात. बिंदू थोडे असले तरी प्रत्येकाचं अंतर काही सेंटिमीटरच्या आत अचूक असतं, आणि अंधारातही तेवढंच. दाट धुक्यात मात्र थेंबांवरूनच प्रकाश परततो, आणि काळ्या पृष्ठभागावरून फारच कमी येतो.

६० अंशांचं दृश्य १९२० पिक्सेलमध्ये टिपणाऱ्या कॅमेऱ्याला हाच माणूस सुमारे ५० पिक्सेल उंच दिसतो. तपशील कितीतरी जास्त, पण अंतर कुठेच लिहिलेलं नसतं. ६० मीटरवरचा १.७ मीटर उंचीचा प्रौढ आणि ४२ मीटरवरचं १.२ मीटरचं मूल चित्रात सारख्याच उंचीचे भरतात! पाय रस्त्याला कुठे टेकले आहेत, पुढच्या चित्रात आकार किती वाढला, अशा खुणांवरून सॉफ्टवेअरला अंतराचा अंदाज बांधावा लागतो.

तरीही टेस्लासारख्या कंपन्या कॅमेऱ्यांवर भर देतात. कॅमेरे स्वस्त असतात, आणि सिग्नलचा रंग, ब्रेकचे दिवे, फलकावरची अक्षरं हे सगळं कॅमेराच वाचू शकतो. चालकाविना टॅक्सी चालवणारी वेमो ही कंपनी मात्र लायडर, कॅमेरा आणि रडार तिन्ही वापरते. आमच्या मते जिथे अंदाज चुकला तर जीवावर बेतेल, तिथे थेट मोजलेलं अंतर हाताशी असावं.

आपल्याला एकच विनंती. कॅमेरा किंवा लायडर काढून बसवला, किंवा कॅमेऱ्यासमोरची काच बदलली, तर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, करून घ्या. एका अंशाचा फरक ६० मीटरवर वस्तू सुमारे एक मीटर बाजूला दाखवतो. लायडरच्या चित्रात सपाट रस्ता एका बाजूला कललेला दिसला किंवा गाडी लेनच्या मध्यापासून सतत एकाच बाजूला सरकू लागली, तर सेन्सर हलला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी स्वयंचलित यंत्रणा बंद ठेवून गाडी तपासायला आणा.