फ्लुकोनाझोलची गोळी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, तेव्हा

योनीमार्गात खाज सुटणे, लघवी करताना बाहेरच्या कातडीची आग होणे आणि दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव जाणे, ही कँडिडा नावाच्या बुरशीच्या संसर्गाची ओळखीची लक्षणे आहेत. बहुतेक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोलच्या एका गोळीने तो दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो. नियमाप्रमाणे ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असते. पण पुण्यातल्या अनेक पेठांत आणि उपनगरांत ती मेडिकलच्या काउंटरवर नुसती मागूनही मिळते. त्यामुळे खाज आली की एक गोळी, महिन्याभराने पुन्हा खाज आली की पुन्हा एक गोळी, असा क्रम अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू राहतो आणि त्याबद्दल घरात कुणाशी बोलले जात नाही. या क्रमात दोन वेगळ्या चुका दडलेल्या असू शकतात. एक म्हणजे औषध योग्य असूनही ते घेण्याची पद्धत अपुरी असते. दुसरी म्हणजे बुरशीची जात वेगळी असते किंवा त्रास मुळात बुरशीचाच नसतो.

वर्षभरात तीन किंवा त्याहून अधिक वेळा लक्षणांसह हा संसर्ग झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात आणि त्यासाठी उपचाराचे वेगळे वेळापत्रक आहे. सुरुवातीला पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी १५० मिलिग्रॅमची एकेक गोळी दिली जाते. त्यानंतर लक्षणे पूर्ण गेली असली तरी सहा महिने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक गोळी चालू ठेवतात. मधले तीन दिवसांचे अंतर औषधाच्या स्वभावावरून ठरले आहे. फ्लुकोनाझोल शरीरातून सावकाश बाहेर पडते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे तीस तास लागतात आणि योनीच्या ऊतींमध्ये त्याची पुरेशी मात्रा साधारण तीन दिवस टिकते. ती संपण्याच्या सुमारास पुढची गोळी पोटात गेली, की बुरशीवरचा दाब पहिला संपूर्ण आठवडा सैल होत नाही.

असा सलग दाब लागतो, कारण फ्लुकोनाझोल बुरशीला मारत नाही, तर तिची वाढ रोखते. बुरशीच्या पेशीच्या आवरणासाठी अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो आणि तो तयार करणारे एक विकर हे औषध अडवते. औषध उतरले, की उरलेल्या थोड्या पेशी पुन्हा वाढू शकतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ३८७ स्त्रियांवरच्या एका अमेरिकी चाचणीत दर आठवड्याची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ९१ टक्के स्त्रिया सहा महिन्यांच्या शेवटी त्रासमुक्त होत्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. पण गोळी थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर औषध घेतलेल्या गटातही केवळ ४३ टक्के स्त्रियाच त्रासमुक्त उरल्या. हा दुसरा आकडा रुग्णाला सुरुवातीलाच सांगायला हवा, असे मला ठामपणे वाटते. या वेळापत्रकाने रोग ताब्यात राहतो, तो मुळासकट जाईलच असे नाही. आणि गोळी थांबल्यानंतर काही महिन्यांनी त्रास परतला, तर त्यात त्या स्त्रीच्या स्वच्छतेचा किंवा पथ्याचा दोष नसतो.

मात्र सहा महिन्यांनंतर त्रास परतणे आणि गोळ्या चालू असतानाच त्रास होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फ्लुकोनाझोल रोखू शकते अशीच बुरशी असेल, तर आठवड्याची गोळी नियमित घेत असताना खाज सहसा परतू नये. ती परतली, तर गोळीची मात्रा वाढवण्याआधी निदान नव्याने तपासावे लागते.

समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या ४६ वर्षांच्या एक शिक्षिका आहेत. त्यांची पाळी अजून चालू आहे. मधुमेहासाठी त्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात आणि वर्षभरापूर्वी त्यात डॅपाग्लिफ्लोझिनची भर पडली आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी ८.४ वरून ६.९ वर आल्याने सगळे समाधानी आहेत. पण त्याच वर्षात खाजेचा त्रास पाच वेळा झाला आहे. पहिल्या तीन वेळी त्यांनी एकेक गोळी घेतली. चौथ्या वेळी डॉक्टरांनी वर सांगितलेले वेळापत्रक सुरू केले आणि सातव्या आठवड्यात, एकही गोळी चुकलेली नसताना, आग आणि खाज पुन्हा सुरू झाली.

येथे पहिली तपासणी अगदी साधी आणि स्वस्त असते. योनीतला स्राव पीएच मोजणाऱ्या कागदी पट्टीवर घेतात आणि त्याचाच थोडा भाग स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या द्रावणात त्वचेच्या पेशी विरघळतात आणि बुरशी स्पष्ट दिसते. शिक्षिकेचा पीएच ४.२, म्हणजे नेहमीसारखा आम्लधर्मी आहे. बुरशीच्या संसर्गात तो तसाच राहतो. स्लाइडवर कळ्या फुटलेल्या लहान गोल पेशी दिसतात, पण नेहमीच्या कँडिडा अल्बिकन्सचे लांब तंतू कुठेच दिसत नाहीत. हा महत्त्वाचा धागा आहे, कारण कँडिडा ग्लॅब्राटा ही जात तंतू धरत नाही. म्हणून स्राव कल्चरसाठी पाठवला जातो आणि काही दिवसांनी अहवालात ग्लॅब्राटाचेच नाव येते. कल्चर लक्षणे चालू असताना आणि शक्यतो नवी गोळी किंवा मलम सुरू करण्यापूर्वी घ्यावे, नाहीतर बुरशी असूनही ती उगवत नाही. प्रयोगशाळेला जात ओळखून देण्याची विनंतीही चिठ्ठीवर स्पष्ट लिहावी, कारण अहवालात नुसते ‘कँडिडा आढळली’ असे आले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

ग्लॅब्राटाच्या पेशी फ्लुकोनाझोल आत आले तरी ते पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकू शकतात, म्हणून नेहमीची मात्रा तिच्यावर कमी पडते. मधुमेही स्त्रियांमध्ये ही जात आपल्याकडे दुर्मीळ नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बुरशीचा संसर्ग असलेल्या मधुमेही स्त्रियांपैकी सुमारे ६१ टक्के जणींमध्ये ग्लॅब्राटा आणि सुमारे २९ टक्के जणींमध्ये अल्बिकन्स आढळली. ग्लॅब्राटा असलेल्यांत फ्लुकोनाझोलच्या एका गोळीने सुमारे २९ टक्के स्त्रियांमधली बुरशी गेली, तर १४ दिवस योनीत ठेवलेल्या बोरिक ॲसिडने सुमारे ६४ टक्के जणींमधली. तरीही एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. निरोगी स्त्रियांपैकी दहा ते वीस टक्के जणींच्या योनीत कोणताही त्रास न देता कँडिडा राहत असते. म्हणून कल्चरमध्ये बुरशी उगवली एवढ्यावरून खाज तिच्यामुळेच आहे, असे ठरत नाही. लक्षणे, स्लाइड आणि कल्चर यांचा एकमेकांशी मेळ बसावा लागतो.

शिक्षिकेच्या बाबतीत तो बसतो. त्यांना ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिड भरलेली जिलेटिनची कॅप्सूल रोज रात्री योनीत ठेवायला दिली जाते. ग्लॅब्राटासाठी हा उपचार साधारण दोन ते तीन आठवडे चालतो. ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विषारी ठरते, जीवही जाऊ शकतो, आणि गरोदरपणात तर ती वापरायचीच नसते. घरात कॅरमसाठी आणलेली बोरिक पावडर याच रसायनाची असते, पण ती औषधी शुद्धतेची नसते आणि तिची मात्राही ठरलेली नसते, म्हणून तिचा असा उपयोग कधीही करू नये. मुले असलेल्या घरात कॅप्सूलची बाटली गोळ्यांच्या डब्यात न ठेवता वेगळी आणि उंच ठेवावी.

एवढ्यावर थांबले तर त्रास परत येण्याची वाट मोकळीच राहते, कारण बुरशीला रोज खाद्य मिळत आहे. डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढते. मधुमेहात हे प्रमाण दिवसाला सुमारे ७० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे रक्तातल्या साखरेचा अहवाल उत्तम दिसत असताना योनीमुखाभोवती मात्र साखर सतत लागलेली असते. एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन याच गटातली औषधे आहेत. भारतात २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर त्याच्या गोळ्या स्वस्त झाल्या, त्यामुळे वारंवार खाज येणाऱ्या प्रत्येक मधुमेही स्त्रीला तिच्या औषधांची नावे विचारलीच पाहिजेत. हे औषध हृदय आणि मूत्रपिंडासाठीही दिलेले असू शकते, म्हणून ते स्वतःहून बंद करू नये. बदलायचे की नाही, हे मधुमेहाच्या डॉक्टरांनी ठरवावे. याच शिक्षिकेच्या यादीतले ग्लिमेपिराइडही दुर्लक्षून चालणार नाही. फ्लुकोनाझोल यकृतातले ज्या विकराचे काम मंदावते, तेच विकर ग्लिमेपिराइडचे विघटन करते. त्यामुळे गोळी घेतल्यानंतर साखर अचानक उतरून घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनच्या बाबतीतही असाच धोका असतो. गरोदरपणात किंवा त्याची शक्यता असताना फ्लुकोनाझोलच्या गोळ्या टाळून सात दिवसांचे योनीत वापरायचे औषध दिले जाते.

आता दुसरी शक्यता पाहू, म्हणजे त्रास बुरशीचा नसणे. अटलांटातल्या एका अभ्यासात, ‘मला बुरशीच झाली आहे’ असे स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा केवळ एक तृतीयांश जणींना निव्वळ कँडिडाचा संसर्ग होता. पीएच ४.५ पेक्षा जास्त असेल आणि मासळीसारखा वास येत असेल, तर योनीतल्या जिवाणूंचे संतुलन बिघडले असण्याची शक्यता अधिक असते. स्लाइडवर वळवळणारे परजीवी दिसले, तर ट्रायकोमोनासचा संसर्ग असतो आणि त्यात जोडीदारालाही उपचार लागतात. आपल्याकडे या तिन्हींवर एकदम मारा करणारे गोळ्यांचे एकत्रित कीट सर्रास दिले जाते. त्यात प्रतिजैविक असते आणि प्रतिजैविकानेच कँडिडा डोके वर काढू शकते. शिवाय प्रत्येक वेळी तिन्हींवर औषध घेतल्याने नेमका त्रास कशाचा होता, हे कधीच कळत नाही.

स्राव फारसा नसेल आणि खाज मुख्यतः बाहेरच्या कातडीला असेल, तर त्वचारोगाचा संशय घ्यावा. सुगंधी पॅड, वाइप्स, जंतुनाशक घातलेले पाणी, योनी धुण्याची द्रावणे आणि कधी कधी बुरशीवरचे मलम स्वतःच कातडीला चुरचुर आणते. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. त्या वयात इस्ट्रोजेन कमी झाल्याने कँडिडाला योनीत फारसा आधार उरत नाही, म्हणून मधुमेह नसलेल्या आणि हार्मोन्स न घेणाऱ्या साठीच्या बाईंना ‘पुन्हा बुरशी’ झाली असे म्हणण्यापूर्वी योनीमुख उजेडात नीट पाहावे. तिथली कातडी पांढरी, पातळ आणि सुरकुतलेली दिसली, रात्री खाजेने झोपमोड होत असेल, भेगा पडत असतील, तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. बुरशी, जिवाणू आणि सूज यांवर एकत्र चालणारी स्टिरॉइडयुक्त मलमे लावल्यावर याची खाज काही दिवस थांबते, त्यामुळे बुरशीचेच निदान बरोबर होते असा समज पक्का होतो. या रोगावर क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टिरॉइड मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या प्रमाणात आणि दीर्घकाळ लावावे लागते, कारण उपचाराविना राहिलेल्या कातडीत पुढे कर्करोग होण्याचा लहान पण खरा धोका असतो. जी जागा या उपचारानेही बरी होत नाही, जाड होते किंवा जिथे व्रण राहतो, तिथला छोटा तुकडा बायोप्सीसाठी काढून तपासला जातो.