पायाचा फोटो पाठवण्याआधी हे वाचा
फुगलेल्या शिरा, सूज आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

आमच्या सर्जिकलच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पायांचे बरेच फोटो येतात. सोबत एकच ओळ असते: "शिरा फुगल्यात, कुठला मोजा घेऊ?" विचारणं चुकीचं नाही. पण शिरांवर दाब देणारा हा घट्ट मोजा नुसता फोटो बघून द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. त्याचं कारण एका ताईंच्या फोटोवरून सांगतो.

ताईंचं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ओट्यापुढे उभं राहायचं. त्यांनी डाव्या पोटरीचा फोटो पाठवला होता. बोटाएवढी जाड, वेडीवाकडी, निळसर शीर अगदी ठसठशीत दिसत होती. आमचं लक्ष मात्र फोटोच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे उजव्या पायाचा घोटा अर्धवट आला होता आणि त्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या जरा वर, तळहाताएवढा काळपट तपकिरी डाग होता. विचारलं तर म्हणाल्या, "ते गजकर्ण आहे हो, दोन वर्षं मलम लावतेय. त्या पायाला तर शीरही दिसत नाही." आम्ही त्यांना मोजा दिला नाही, रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं. शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी झाली. डाव्यापेक्षा उजवा पाय जास्त बिघडलेला निघाला.

असं का होतं ते समजून घ्या. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. त्या नीट मिटेनाशा झाल्या की रक्त खाली साचतं आणि शिरेतला दाब वाढतो. कातडीजवळची शीर त्या दाबाने फुगली तर ती फोटोत दिसते. नाही फुगली, किंवा वर चरबीचा थर असला, तर बाहेरून काहीच कळत नाही. दाब मात्र घोट्याजवळ सर्वांत जास्त असतो. तिथे रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह कातडीत उरतं आणि गंजासारखा डाग पडतो. मग खाज सुटते, कातडी कोरडी पडून सोलवटते. हे गजकर्ण समजून मलम चोळणारे ग्राहक आम्हाला वरचेवर भेटतात. मलमाने खाज थोडी थांबेलही, पण आतला दाब तसाच राहतो. पुढे कातडी टणक होऊन घोट्याच्या वरचा भाग आवळल्यासारखा होतो, पाय उलट्या बाटलीसारखा दिसू लागतो आणि साध्या खरचटण्याचीही जखम भरता भरत नाही.

म्हणून फोटो काढताना शिरेइतकंच घोट्याकडेही लक्ष द्या. झोपून किंवा पाय वर घेऊन फोटो काढू नका, कारण त्या स्थितीत फुगलेली शीर रिकामी होते. दोन-तीन मिनिटं उभं राहा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरायला कुणाला तरी सांगा आणि दोन्ही पाय एकाच फोटोत घ्या. फोन फार जवळ आणला तर पुढचा पाय उगाच जाड दिसतो. ब्यूटी मोड चालू असेल तर तो बंद करा, नाहीतर नेमका डागच पुसला जातो. समोरून, मागून आणि घोट्याच्या आतल्या बाजूने असे तीन फोटो पुरेत. हे फोटो डॉक्टरांनाही दाखवा. संध्याकाळी येणारी सूज सकाळच्या ओपीडीत दिसत नाही, तेव्हा ते उपयोगी पडतात.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा आहेत, पण दुखणं, सूज, डाग काहीच नाही, तर घाई नको. शिरा फुगल्यात आणि संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात किंवा रात्री गोळे येतात, तर सवडीने पण नक्की दाखवा. घोट्याजवळ डाग, खाज, टणकपणा असेल तर या आठवड्यात-पुढच्या आठवड्यात वेळ घ्या. गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर घरचे उपाय थांबवा आणि जा. फुगलेली शीर अचानक दोरीसारखी कडक, गरम आणि दुखरी झाली तर तिच्यात रक्त गोठलेलं असू शकतं. एक-दोन दिवसांत तपासणी व्हायला हवी.

थांबायचंच नाही अशी एक गोष्ट आहे: एकाच पायाला अचानक आलेली सूज. ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास यांनंतर एक पोटरी सुजली, दुखायला लागली, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. सावळ्या कातडीवर लाली फोटोत कळत नाही, म्हणून हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पोटऱ्यांची ऊब ताडून बघा. टेप असेल तर गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड हाताला लागतं, त्याच्या दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. फरक कमी असला तरी दुखणं आणि सूज नवी असेल तर जाच. त्या पायाला तेल लावून मालिश करू नका. सोबत दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. लगेच 108 ला फोन करा.

शीर फुटून रक्त आलं तर घाबरून उभे राहू नका. आडवं व्हा, पाय छातीपेक्षा उंच करा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. मधे मधे उचलून बघू नका. रक्त थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, थांबलं नाही तर 108.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर शिरांचा दोष नसूही शकतो. अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद दाबा. खळगा पडून राहिला तर कातडीखाली पाणी साचलंय. ते हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्यामुळे असू शकतं, किंवा रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीमुळेही. गोळी मनाने बंद करू नका, फॅमिली डॉक्टरांना सांगा.

मोजा आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय का देत नाही, तेही यावरून कळेल. मधुमेह आहे, विडी-सिगारेटची सवय आहे, थोडं चाललं की पोटरी दुखते, बोटं गार पडतात, अशा माणसाच्या पायाच्या धमन्या अरुंद असू शकतात. त्यावर घट्ट मोजा चढवला तर पायाला मिळणारं थोडं रक्तही अडतं. डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून हे ठरवतात.

चिठ्ठीवर मोज्याचा क्लास, म्हणजे त्याचा दाब किती हवा ते, आणि लांबी लिहून घ्या, आणि माप द्यायला सकाळी लवकर या, सूज चढायच्या आत. घोट्याचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर आम्ही दुकानातच टेपने मोजतो. दोन्ही पायांची मापं वेगळी निघाली तर मोजेही वेगवेगळ्या मापांचे देतो. त्या ताईंना तसेच दिले आहेत.